पगार चुकीच्या खात्यात चाललाय? ‘खातं बदला’ असं लिहू नका, आधी ‘पगार रोखा’ असं लिहा

मी पगार विभागात बसते. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला एक ठरलेला मेल येतो. माणूस दर वेळी वेगळा, मजकूर तोच: ‘माझा खाते क्रमांक चुकीचा नोंदवला गेला आहे, कृपया लवकरात लवकर बदलून द्यावा ही विनंती.’ यातले निम्मे मेल वेळेत येऊनही उपयोगाचे ठरत नाहीत. पगार जुन्या खात्यातच जातो, आणि मग पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की आम्ही मेल उघडलाच नाही. मेल उघडलेला असतो. पण त्यावर त्या क्षणी काही करता येत नाही, कारण त्यात जे मागितलेलं असतं ते दोन दिवसांचं काम असतं आणि आमच्या हातात दोन तास असतात.

मागच्या वर्षी एका सहकारी मुलीचं हेच झालं. ती माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि आम्ही दोघींनी मिळून तिचा मेल पुन्हा लिहिला. त्यात कोणती वाक्यं गेली, कोणती आली आणि का, ते इथे सांगते.

ती त्याच महिन्यात रुजू झाली होती. फॉर्मवर तिने खाते क्रमांक बरोबर लिहिला होता, शेवट ७३०२. पोर्टलवर तो ७०३२ असा चढला होता. २६ तारखेला सकाळी पेस्लिपचा मसुदा पाहताना तिच्या ते लक्षात आलं. तिने लगेच लिहिलं:

> विषय: बँक खात्याबाबत
>
> आदरणीय महोदय/महोदया,
> मी या महिन्यात आपल्या संस्थेत रुजू झाले आहे. रुजू होताना मी सर्व कागदपत्रे वेळेत जमा केली होती. तरीही माझा बँक खाते क्रमांक चुकीचा नोंदवला गेल्याचे आज निदर्शनास आले. याबाबत मी यापूर्वी एचआरशी फोनवर बोलले होते परंतु समाधानकारक उत्तर मिळाले नाही. माझ्यावर घरच्या जबाबदाऱ्या असल्याने पगार वेळेवर मिळणे अत्यंत गरजेचे आहे. तरी कृपया माझे खाते तातडीने बदलून याच महिन्याचा पगार योग्य खात्यात जमा करावा, ही नम्र विनंती. सोबत खाते क्रमांक देत आहे.

खाली पूर्ण खाते क्रमांक, आणि सीसीमध्ये सात जण. मेल तिच्या खासगी पत्त्यावरून आला होता, कारण ऑफिसचा मेल अजून सुरू झाला नव्हता.

खरं सांगायचं तर मी हा मेल दुसऱ्या वाक्यापर्यंत वाचला आणि ‘खाते बदलाचा अर्ज भरून द्या’ हे आमचं छापील उत्तर पाठवून दिलं. त्या दिवशी माझ्यासमोर असे बरेच मेल होते. ती टेबलाशी आल्यावर मी तो पुन्हा उघडला, तेव्हा कळलं की तिला अर्ज नकोच होता. तिला हवं होतं की दुपारी जाणाऱ्या बँक फाईलमधून तिची ओळ बाहेर राहावी.

खातं बदलायला वेळ का लागतो

बाहेरून पाहिलं तर खातं बदलणं म्हणजे चार आकडे खोडून चार लिहिणं. आमच्या बाजूने मात्र ही सगळ्यात जोखमीची नोंद आहे. पगार चोरण्याची एक जुनी आणि चालणारी रीत म्हणजे कर्मचाऱ्याच्या नावाने पगार विभागाला मेल टाकायचा: माझं खातं बदललं आहे, पगाराच्या आधी नवीन खातं टाका, घाई आहे, मी मीटिंगमध्ये असल्यामुळे फोन घेऊ शकत नाही. आता वरचा मेल पुन्हा वाचा. खासगी पत्ता, घाई, नवा क्रमांक मेलमध्येच लिहिलेला, आणि पडताळायला काहीही जोडलेलं नाही. खरी माणसं आणि चोर यांची पत्रं दिसायला अगदी सारखी असतात. त्यामुळे जे ऑफिस नीट चालतं तिथे असा बदल मेलवर होत नाही. पुरावा लागतो, आमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या नंबरवर आम्ही उलट फोन करतो, एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजूर करतो.

पगार रोखायला यातलं जवळपास काहीच लागत नाही. प्रणालीत त्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे ‘होल्ड’ची खूण करायची, बस. मेल खोटा निघाला तरी नुकसान एवढंच की एका माणसाचा पगार दोन दिवस उशिरा गेला. पैसे भलत्याच्या हाती गेले नाहीत. त्यामुळे रोखण्याची विनंती आम्ही पाच मिनिटांत मान्य करू शकतो, बदलण्याची नाही. एका वाक्यात दोन्ही मागितलं की रोखण्याचं कामही बदलाच्या रांगेत जाऊन बसतं. नव्या मेलमध्ये पहिलं काम हेच: दोन मागण्या सुट्या करायच्या आणि रोखण्याची आधी लिहायची.

पैसे आत्ता कुठे आहेत, त्यावर क्रियापद ठरतं

पगाराचा हिशोब पक्का होतो, मग त्यातून बँकेसाठी फाईल निघते, ती बँकेच्या पोर्टलवर चढते, तिथे अधिकार असलेला माणूस मंजुरी देतो आणि मग पैसे निघतात. हिशोब पक्का झाला म्हणजे सगळं संपलं असं लोकांना वाटतं, आणि आमच्यातलेही काही जण ‘आता लॉक झालं’ एवढं सांगून मोकळे होतात. लॉक होते ती पगाराची रक्कम. फाईल निघाली नसेल तर एक ओळ वगळता येते. फाईल चढली असेल पण मंजुरी बाकी असेल, तरी बऱ्याच ठिकाणी ती मागे घेऊन त्या ओळीशिवाय पुन्हा चढवता येते. अर्थात कोणी ते आनंदाने करत नाही, कारण एकूण रक्कम आणि ओळींची संख्या पुन्हा जुळवावी लागते. मंजुरी मिळाली की मात्र ‘रोखा’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

म्हणून मेल लिहिण्याआधी एक फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘या महिन्याची बँक फाईल मंजूर झाली का?’ ‘माझं काम झालं का’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल ‘बघतो’. फाईलबद्दल विचारलंत तर हो किंवा नाही असं उत्तर येईल. त्या मुलीच्या बाबतीत उत्तर होतं: फाईल तयार आहे, मंजुरी दुपारी तीनला.

चुकीचं खातं म्हणजे नक्की कसं चुकीचं

पहिल्या मेलमधली दुसरी मोठी उणीव ही होती. ‘चुकीचे खाते’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या परिस्थिती मावतात, आणि आमची घाई त्यावर ठरते.

नोंदवलेलं खातं तुमचंच, जुनं आणि अजून चालू असेल, तर पैसे तुमच्याच हातात येणार आहेत. या महिन्याचा पगार तिथे येऊ द्या आणि स्वतः वळते करून घ्या. मेलमध्ये पुढच्या महिन्यापासून बदल मागा. खातं बंद झालेलं असेल किंवा तो क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर पैसे समोरच्या बँकेतून परत येतात. त्यात वेळ जातो, पण पैसे बुडत नाहीत.

तिसरी परिस्थिती वाईट: आकडा चुकला आणि नेमका दुसऱ्या कोणाचा तरी निघाला. आपल्याकडे खात्यावर रक्कम जमा करताना बँक खाते क्रमांक पाहते. फाईलमधलं नाव जुळत नाही म्हणून पैसे आपोआप परत येतील असं धरून चालू नये. एकदा ते परक्या खात्यात पडले की कंपनीच्या बँकेने समोरच्या बँकेला विनंती करायची आणि त्या खातेदाराच्या होकाराची वाट पाहायची. म्हणून आकडे उलटसुलट झाले असतील तर मेलमध्ये स्पष्ट लिहा: ‘हे खाते माझे नाही.’ या चार शब्दांनी मी खुर्चीतून उठते. ‘चुकीचे नोंदवले गेले आहे’ या वाक्याने उठत नाही.

काय खोडलं

रुजू झाल्याची हकीकत गेली, कागदपत्रं वेळेत दिल्याचं गेलं. एचआरकडून समाधानकारक उत्तर मिळालं नाही हेही गेलं. ते खरं होतं, पण सीसीमध्ये एचआरची माणसं असताना ते वाक्य ठेवलं असतं तर पहिला तास चूक कोणाची यावरच गेला असता. घरच्या जबाबदाऱ्यांबद्दलचं वाक्य खोडताना ती थोडी हिरमुसली. तिला मी म्हटलं, पगाराची गरज प्रत्येकालाच असते, त्यावरून कोणाची फाईल आधी उघडायची ते ठरत नाही. दुपारी तीनची मंजुरी या गोष्टीवरून ठरतं.

पूर्ण खाते क्रमांक मजकुरातून काढला. जुन्या आणि नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात, पूर्ण क्रमांक अर्जात आणि पुराव्यावर असतोच. सात जणांच्या सीसीमध्ये पूर्ण क्रमांक फिरवण्याचं काही कारण नाही. सीसी पण दोघांवर आणलं: एचआरमधली तिची संपर्क व्यक्ती आणि तिचे साहेब. सात जण असले की प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या सहांपैकी कोणीतरी बघेल.

‘तातडीने’ हा शब्दही काढला. त्याच्या जागी वेळ लिहिली.

पुन्हा लिहिलेला मेल

> विषय: आज दुपारी ३ च्या आधी – ऑक्टोबरचा पगार रोखून धरावा – कर्मचारी क्र. ४१७
>
> नमस्कार,
>
> १. माझा ऑक्टोबरचा पगार आजच्या बँक फाईलमधून वगळावा. नोंदवलेल्या खात्याचा शेवट ७०३२ आहे. हे खाते माझे नाही. दोन आकडे उलटे पडले आहेत.
>
> २. माझ्या खात्याचा शेवट ७३०२ आहे. खाते बदलाचा अर्ज आणि रद्द केलेला चेक सोबत जोडला आहे. पडताळणी झाल्यावर ऑक्टोबरचा पगार स्वतंत्र पेमेंटने या खात्यात करावा. दोन-तीन दिवस उशीर झाला तरी चालेल.
>
> माझा ऑफिसचा मेल अजून सुरू नाही, म्हणून हा मेल खासगी पत्त्यावरून पाठवत आहे. खात्रीसाठी रुजू होताना दिलेल्या माझ्या मोबाईलवर फोन करावा. मी आज दिवसभर ऑफिसमध्ये आहे, टेबलाशीही येऊ शकते.
>
> पगार रोखल्याचे तीनच्या आधी कळवावे. तोपर्यंत फाईल मंजूर झाली असल्यास तसे कळवावे, म्हणजे व्यवहार क्रमांक घेऊन पुढची विनंती करता येईल.

यातल्या दोन-तीन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत, म्हणून सांगते.

‘दोन-तीन दिवस उशीर झाला तरी चालेल’ हे वाक्य लिहायला तिचा हात होईना. तिला वाटलं, असं लिहिलं तर पगार लांबणीवर पडेल. प्रत्यक्षात याच वाक्यामुळे मला ओळ वगळायची मोकळीक मिळाली. पगार रोखला आणि मग कर्मचाऱ्याने तक्रार केली की पगार दिला नाही, तर जबाब मला द्यावा लागतो. तिने स्वतः लिहून दिल्यावर ती भीती संपली.

मोबाईलचा नंबर मेलमध्ये मुद्दाम लिहिलेला नाही. ‘माझ्या या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असेल तर तो फोन करून काहीच सिद्ध होत नाही, कारण चोरही आपलाच नंबर देईल. ‘तुमच्याकडे नोंदलेल्या नंबरवर करा’ असं लिहिलं की आमची पडताळणी तिथल्या तिथे होते. मीही लगेच फोन केला, ती समोरच बसलेली असताना. तिचा फोन तिच्या पर्समध्ये वाजला. आम्ही दोघी हसलो, पण नोंदवहीत ‘फोनवर खात्री केली’ असं लिहायला मी मोकळी झाले.

शेवटचं वाक्य उशीर झाला तर काय, यासाठी आहे. फाईल मंजूर झाली असेल तर पुन्हा पहिल्यापासून पत्रव्यवहार नको. व्यवहार क्रमांक म्हणजे यूटीआर. तो हातात असला की पैसे परत आले, अडकले की जमा झाले हे बँकेला विचारता येतं. त्याच्याशिवाय बँकेत जाऊन उपयोग नसतो.

पुराव्याबद्दल एक. रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेलं असावं. नाव नसलेला चेक जोडलात तर तो कोणाचाही असू शकतो. मग पासबुकचं पहिलं पान किंवा नाव आणि क्रमांक दिसणारा स्टेटमेंटचा वरचा भाग द्या, बाकीचे व्यवहार झाकून. आयएफएससी कोड हाताने लिहिणार असाल तर त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. एकूण अक्षरं अकरा. बँका एकत्र झाल्या असतील तर जुन्या चेकबुकावरचा कोड बदललेला असू शकतो, तो एकदा तपासा.

मग पुढच्या महिन्यात पुन्हा तेच का होतं

त्या दिवशी अडीचला तिची ओळ वगळली, दोन दिवसांनी अर्ज मंजूर झाला, आणि महिना संपल्यावर तिसऱ्या दिवशी पगार योग्य खात्यात गेला. नोव्हेंबरच्या पगाराच्या नोंदीत मात्र पुन्हा ७०३२.

याचं कारण बहुतेक ठिकाणी सारखंच निघतं. खातं दोन जागी नोंदलेलं असतं: एक कर्मचारी पाहतो त्या पोर्टलवर, दुसरं पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये. पोर्टलवर बदल झाला आणि तिथे ‘मंजूर’ असं हिरवं दिसलं, तरी तो पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचेलच असं नाही. काही ठिकाणी तो ठरावीक तारखेलाच ओढला जातो, आणि त्या तारखेनंतरचा बदल पुढच्या महिन्याला लागतो. आमच्याकडे ऑक्टोबरचं पेमेंट हाताने केलं होतं, त्यामुळे पैसे बरोबर गेले आणि मूळ नोंद तशीच राहिली. चूक माझीच होती.

दुसरं कारण एक्सेल. ज्या ऑफिसात बँक फाईल एक्सेलमधून जाते तिथे हे हमखास भेटतं. खाते क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ न ठेवता ‘संख्या’ ठेवला, तर सुरुवातीची शून्यं गळून पडतात. आणि एक्सेल संख्येचे पहिले पंधरा आकडेच धरून ठेवतं. सोळा आकड्यांचा क्रमांक असेल तर शेवटच्या आकड्याचा शून्य होतो. तुमच्या नोंदीत क्रमांकाच्या शेवटी अचानक शून्य दिसलं, किंवा एक-दोन आकडे कमी भरले, तर टाइप करणाऱ्याला बोल लावण्याआधी हे तपासायला सांगा. फॉर्म पुन्हा भरून ही चूक जात नाही, कारण दर महिन्याला तीच शीट तीच चूक नव्याने करते.

नोव्हेंबरसाठी आम्ही दोन ओळींचा मेल लिहिला, आणि तो २० तारखेलाच पाठवला:

> ऑक्टोबरमध्ये माझे खाते बदलले होते (शेवट ७३०२). नोव्हेंबरच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोर्टलवर नव्हे, कोणता क्रमांक दिसतो ते कळवावे.

‘पोर्टलवर नव्हे’ हे दोन शब्द नसते तर मी पोर्टल उघडलं असतं, हिरवं पाहिलं असतं आणि ‘झालं आहे’ असं उत्तर दिलं असतं. ते वाचून मला मूळ नोंद उघडावी लागली, आणि तिथे ७०३२ दिसलं. प्रवासखर्चाचे पैसे आमच्याकडे तिसऱ्याच यादीतून जातात. ती यादी उघडायची मला आठवण झाली ती डिसेंबरमध्ये, तिच्या टॅक्सीच्या बिलाचे पैसे परत आले तेव्हा.